बातमीच्या फोटोतून माणूस कापण्याआधी: फोटो डेस्कवर नव्याने आलेल्यांसाठी

जून २०१० मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बराक ओबामा लुइझियानाच्या किनाऱ्यावर एकटेच उभे दिसले. मान खाली, मागे समुद्र, दूरवर तेलविहिरीचा फलाट. एप्रिलमध्ये डीपवॉटर होरायझन फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार गेले होते, तेल अजून समुद्रात वाहतच होतं, आणि ओबामा आणि बीपी कंपनी यांच्यातला संघर्ष हा त्या अंकाचा विषय होता. मजकूर न वाचताच मुखपृष्ठाचा अर्थ कळत होता: संकटापुढे एकाकी पडलेला अध्यक्ष.

रॉयटर्सचे छायाचित्रकार लॅरी डाउनिंग यांनी २८ मे रोजी हा फोटो टिपला, तेव्हा फ्रेममध्ये तीन माणसं होती. ओबामांबरोबर कोस्ट गार्डचे ॲडमिरल थॅड ॲलन होते आणि तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या अध्यक्ष शार्लट रँडॉल्फ होत्या. तिघांचा फोटो पाहिला की तीच खाली झुकलेली मान चर्चेत गुंतलेल्या माणसाची वाटते. साप्ताहिकाने काय केलं? ॲलन कडेला होते, ते क्रॉपमध्ये गेले. रँडॉल्फ ओबामांच्या अगदी लगत होत्या, कापून जाण्यासारख्या नव्हत्या. म्हणून त्यांना संगणकावर पुसून टाकलं आणि त्या जागी पाणी आणि वाळू भरली.

जुलैच्या सुरुवातीला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दोन्ही फोटो समोर आणले. 'द इकॉनॉमिस्ट'च्या डेप्युटी एडिटर एमा डंकन यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की रँडॉल्फ यांना काढायला आपणच सांगितलं. वाचकांचं लक्ष ओबामांवर राहावं आणि एक अनोळखी बाई पाहून ते गोंधळू नयेत, एवढाच हेतू होता. ओबामांना एकटं पाडायचं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. रॉयटर्सने आपला नियम सांगितला: आमच्या फोटोत परवानगीशिवाय काही घालायचं नाही, काही काढायचं नाही.

मला डंकन यांचा हेतू खोटा वाटत नाही, आणि म्हणूनच नव्या माणसाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं वाटतं. वाचकाला हेतू दिसत नसतो, त्याला फक्त फोटो दिसतो. डेस्कवर कुणी "मी तसं दाखवायला काढलं नाही हो" म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवूनही फोटो परत पाठवता आला पाहिजे.

कापणं आणि पुसणं: दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या

क्रॉप करताना आपण फ्रेमची कड आत आणतो. उरलेल्या भागात जे दिसतं ते सगळं कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेलं असतं. पुसताना मात्र माणसाच्या जागी काहीतरी भरावं लागतं: भिंत, गवत, पाणी, गर्दीतले दुसरे चेहरे. तो भाग कॅमेऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो, तो आपण रचलेला असतो. म्हणून बातमीच्या फोटोत पुसण्याला सूट नाही. अर्थ बदलतो का, माणूस महत्त्वाचा होता का, हे प्रश्न तिथे विचारायचेच नाहीत. असोसिएटेड प्रेसचा नियमही असाच सरळ आहे: फोटोत काही घालायचं नाही, फोटोतून काही काढायचं नाही. प्रमाणात केलेला क्रॉप आणि उजेड-सावलीची नेहमीची दुरुस्ती मात्र चालते.

हा फरक किती काटेकोरपणे पाळतात याचं उदाहरण त्याच वर्षीचं आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनचे स्टेपान रुडिक यांच्या कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामारीवरच्या मालिकेला बक्षीस मिळालं होतं. त्यातल्या एका फोटोत पट्टी गुंडाळलेला हात आहे. रुडिक यांनी मूळ फ्रेमचा मोठा भाग कापून टाकला होता, रंग काढून फोटो काळापांढरा आणि दाणेदार केला होता. पण ते अपात्र ठरले ते वेगळ्याच कारणाने: हाताजवळ मागच्या माणसाच्या पावलाचा एक तुकडा डोकावत होता, तो त्यांनी पुसला होता. पाऊल राहिलं असतं तरी फोटोचा अर्थ तोच राहिला असता. तरीही बक्षीस गेलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. 'एवढंसं पाऊल' चाललं की उद्या 'एवढीशी बाई' चालते, आणि कुठे थांबायचं हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवायला लागतो.

क्रॉपला अशी सरसकट बंदी घालता येत नाही. पानावर जागा तीन कॉलमची आणि फोटो आडवा, हे रोजचंच. कोपऱ्यात कुणाचं अर्धं कोपर आलेलं असतं, मॅरेथॉनच्या धावपटूमागे पाण्याची बाटली घेऊन निघालेला स्वयंसेवक असतो, ते कापायलाच हवं. पण पुसून जे खोटं सांगता येतं, ते नुसतं कापूनही सांगता येतं. म्हणून क्रॉपच्या बाबतीत दर वेळी विचार करावा लागतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पहिली पायरी: कापायच्या आधी एक वाक्य लिहा

पूर्ण फ्रेम उघडा आणि हा फोटो काय सांगतो ते एका वाक्यात लिहा. वहीत लिहा किंवा फाइलच्या माहितीत, पण लिहाच. 'मंत्र्यांचा फोटो' हे वाक्य नव्हे. 'रस्त्याच्या भूमिपूजनाला मंत्री आणि विरोधी पक्षाचे आमदार शेजारी उभे होते' हे वाक्य आहे. त्यात कोण, कुणाबरोबर, काय करताना, हे तिन्ही आलं पाहिजे. मग क्रॉप करा आणि फक्त क्रॉपकडे पाहून पुन्हा वाक्य लिहा. दोन वाक्यं जुळली नाहीत तर काय हरवलं ते समोरच असतं.

दुसरं वाक्य शक्यतो दुसऱ्याकडून घ्या. शेजारच्या उपसंपादकाला मूळ फोटो न दाखवता क्रॉप दाखवा आणि विचारा, "यात काय चाललंय?" ज्याने मूळ पाहिलंय त्याच्या डोळ्यांना कापलेला माणूस दिसतच राहतो. वाचकाला तो दिसणार नसतो.

आणि मथळा सोबत ठेवूनच ही चाचणी करा. भूमिपूजनाच्या फोटोतून आमदार कापले आणि मथळा 'मंत्र्यांच्या हस्ते भूमिपूजन' असेल, तर वाचकाची फार फसवणूक होत नाही. मथळा 'कार्यक्रमावर विरोधकांचा बहिष्कार' असेल, तर तोच क्रॉप सरळ खोटा पुरावा आहे. फोटो तसूभर बदललेला नाही, तरी एका मथळ्याखाली चालतो आणि दुसऱ्याखाली नाही.

दुसरी पायरी: माणसं कशाने जोडलेली आहेत ते बघा

काठावरच्या माणसाकडे बोट दाखवून "हा महत्त्वाचा आहे का?" असं विचारणं हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. तो अपुरा आहे. माणूस कुणी का असेना, फोटोत तो इतरांशी कशाने जोडलेला आहे ते बघायला हवं.

नजर आधी बघा. उरलेल्यांपैकी कुणी कापल्या जाणाऱ्या माणसाकडे पाहत असेल, तर क्रॉपनंतर ती नजर शून्यात जाते आणि वाचक तिला स्वतःचा अर्थ देतो: चिंता, तिरस्कार, हताशा. ओबामांच्या मानेचं तेच झालं. मग हात बघा. ढकलणारा हात कापला तर पडणारा माणूस आपोआप पडला असं दिसतं. उगारलेली काठी ठेवून समोरचा दगड घेतलेला हात कापला, किंवा दगड ठेवून काठी कापली, तर दोन्ही फोटो 'खरे' असतात आणि दोन्ही बाजू आपापला फोटो फिरवत बसतात.

२०१० च्या जूनमध्येच रॉयटर्सवर असा प्रसंग आला. गाझाकडे निघालेल्या मावी मार्मरा जहाजावर इस्रायली सैनिक आणि कार्यकर्ते यांच्यात झालेल्या झटापटीचे फोटो पाठवताना कड कापली गेली, आणि कार्यकर्त्याच्या हातातला चाकू त्या कापलेल्या कडेत गेला. हे संपादनाच्या ओघात अनवधानाने झालं असं संस्थेने सांगितलं आणि मूळ फ्रेम पुन्हा पाठवल्या. तिथे माणूस तर सोडाच, फक्त हाताचा काठ गेला होता. हिंसेच्या फोटोत कड कापताना मी म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ घेतो: फोटो दोनशे टक्के मोठा करून चारही कडा बोटाने फिरून बघायच्या. काठावर हात, शस्त्र किंवा पाय असेल तर तिथे कापायचं नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. माणूस कापल्याने फक्त त्याचं अस्तित्व जात नाही, उरलेल्यांचं आपसातलं नातंही बदलतं. समजा, त्याच भूमिपूजनाला अकरा जण ओळीत उभे होते आणि मंत्र्यांच्या डाव्या हाताला कंत्राटदार होता. सहा महिन्यांनी त्या कंत्राटदारावर गुन्हा दाखल होतो. रात्री साडेदहाला पान चार लावताना कुणीतरी संग्रहातून तो फोटो काढतो, नऊ जण कापतो आणि मंत्री व कंत्राटदार दोघंच ठेवतो. दोघंही तिथे होते, शेजारी होते, कुठेही एक बिंदू पुसलेला नाही. पण अकरांच्या सरकारी ओळीतली जवळीक आणि दोघांच्या फोटोतली जवळीक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिला फोटो सांगतो, 'एका कार्यक्रमाला हजर होते.' दुसरा सांगतो, 'यांचं साटंलोटं आहे.' साटंलोटं खरोखर असेल तर ते बातमीत कागदपत्रांनी सिद्ध करा, क्रॉपने सुचवू नका. असा फोटो वापरायचाच असेल तर ओळ ओळ म्हणून दिसेल इतकी माणसं ठेवा, निदान दोन्ही बाजूंचे खांदे तरी, आणि फोटोओळीत 'संग्रहित' बरोबर कार्यक्रमाचं नाव आणि तारीखही द्या. नुसतं 'संग्रहित' लिहून हात झटकता येत नाहीत.

संख्येच्या बाबतीत हाच प्रकार उलटा होतो. मोर्चात वीस माणसं असतील आणि क्रॉप त्यांच्या चेहऱ्यांना घट्ट चिकटून असेल, तर वाचक कडेबाहेरही गर्दी आहे असं धरून चालतो. चौकटभर माणसं दिसली की डोळा पुढची माणसं स्वतःच जोडतो. अशा वेळी मोकळा रस्ता दिसेल एवढी कड ठेवा.

तिसरी पायरी: कोण गेलं त्याची यादी करा

२४ जानेवारी २०२० ला दावोसमध्ये पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा फोटो काढला गेला. ग्रेटा थुनबर्ग आणि युरोपातल्या आणखी तिघी, आणि सर्वांत डावीकडे युगांडाच्या व्हेनेसा नकाटे. असोसिएटेड प्रेसने पाठवलेल्या एका फोटोत चौघीच होत्या. चौघींच्या मागे बर्फाचे डोंगर होते, नकाटेंच्या मागे एक इमारत. ती इमारत नजरेला खुपते म्हणून केवळ रचनेसाठी छायाचित्रकाराने कापलं, असं संस्थेचं पहिलं स्पष्टीकरण होतं. नकाटेंनी जाहीरपणे म्हटलं की तुम्ही फक्त एक फोटो पुसला नाहीत, एक खंड पुसलात. संस्थेने पूर्ण फोटो पाठवला आणि मग कार्यकारी संपादक सॅली बझबी यांनी माफी मागितली.

रचनेचं कारण खरं असू शकतं. इमारतीमुळे फोटो खरोखरच अस्ताव्यस्त दिसतो. पण पाचांतून एक वगळताना ती कुठल्या देशाची, कुठल्या वंशाची, हा प्रश्न त्या घाईत कुणाच्या मनात आला नाही. म्हणून ही पायरी यांत्रिकपणेच करावी: मूळ फ्रेममधल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा, क्रॉपमध्ये उरलेल्यांची खाली लिहा आणि गेलेल्या नावांकडे एकदा बघा. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत ही यादी केली तर वारंवार गळणारी माणसं ठरावीकच निघतात: सत्काराच्या फोटोतली सरपंचबाई (आणि तिच्या जागी मधोमध आलेले सरपंचपती), आंदोलनातले, इथली भाषा न कळणारे परप्रांतीय मजूर, शोधनिबंधाच्या बातमीतला कनिष्ठ संशोधक. कुणी मुद्दाम करत नाही. ओळीत त्यांना काठावर उभं केलेलं असतं आणि क्रॉप काठावरूनच सुरू होतो.

चौथी पायरी: जागेत बसत नाही, मग काय?

आधी त्याच प्रसंगाची दुसरी फ्रेम मागा. छायाचित्रकाराकडे एका क्षणाच्या चार-पाच फ्रेम असतातच, एखादी उभीही असते. नसेल तर पानाचा आराखडा बदलायला सांगा. पान लावणारा कुरकुर करेल, करू द्या. तेही जमत नसेल तर फोटो वापरू नका. न वापरलेल्या फोटोने कुणाची फसवणूक होत नाही.

ओबामांच्या मुखपृष्ठाबद्दल एक बचाव नेहमी ऐकू येतो की मुखपृष्ठ म्हणजे बातमी नव्हे, ते चित्र आहे. ते काही अंशी खरं आहे. नेत्याला रॉकेटवर बसवलेलं चित्र पाहून कुणी फसत नाही, कारण ती गंमत आहे हे दिसतं. ओबामांच्या मुखपृष्ठात बनवाबनवी दिसतच नव्हती. चित्र करायचंच असेल तर ते पाहताक्षणी चित्र वाटलं पाहिजे. आतल्या पानावर बारीक अक्षरात 'कल्पनाचित्र' लिहून भागत नाही.

'आमच्या धोरणात बसत नाही' हेही पुसण्याचं कारण होऊ शकत नाही. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईच्या वेळचा व्हाइट हाउसच्या खोलीतला प्रसिद्ध फोटो न्यूयॉर्कच्या 'दी त्साइटुंग' या यिद्दिश वृत्तपत्राने छापला, तो हिलरी क्लिंटन आणि ऑड्री टोमासन या दोघींना पुसून. स्त्रियांचे फोटो न छापण्याची त्यांची धार्मिक प्रथा आहे. प्रथा पाळायची तर तो फोटो न छापणं हा साधा मार्ग होता. व्हाइट हाउसने तो देताना त्यात फेरफार करू नये अशी अटही घातलेली होती. वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पाचवी पायरी: आलेला फोटो आधीच कापलेला आहे का?

जिल्ह्याच्या डेस्कवर निम्मे फोटो पक्षाच्या किंवा संस्थेच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर येतात आणि कापून येतात. काही खुणा पटकन दिसतात. बहुतेक फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२. ४०००×३००० ऐवजी २७१०×२९५० असा विचित्र आकार आला तर कुणीतरी कात्री चालवलेली आहे. खांद्यावर हात आहे पण हाताचा मालक नाही, जमिनीवर माणसांपेक्षा सावल्या जास्त आहेत, फरशीच्या रेषा एका ठिकाणी तुटतात, काचेत किंवा चष्म्यात दिसणारा माणूस समोर नाही, गवताचा किंवा गर्दीचा तोच तुकडा दोनदा आलाय, असं दिसलं तर पुसल्याची शंका घ्या.

मूळ मागताना 'फोटो पाठवा' म्हणू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो आणि तारीख, कॅमेरा वगैरे आतली माहिती गळते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्याच्या आधी-नंतरचे दोन फोटोही पाठवा," असं सांगा. शेजारच्या फ्रेम पाहिल्या की कडेबाहेर काय होतं ते बहुतेक वेळा कळतंच.

ओळख लपवायची असेल तर

काही वेळा माणूस दिसू न देणं हेच आपलं कर्तव्य असतं, आणि कायदाही तेच सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. अशा वेळी नवखा उपसंपादक मुलाला पुसून टाकतो. तसं करू नका. पुसलं की 'इथे कुणी नव्हतं' असा खोटा दावा होतो. चेहऱ्यावर ठळक पट्टी टाकली की 'इथे कुणीतरी आहे, आम्ही दाखवत नाही' असं प्रामाणिकपणे सांगितलं जातं. फोटोओळीतही तसं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे पाठमोरी किंवा चेहरा न दिसणारी दुसरी फ्रेम निवडणं. काही वृत्तसंस्था चेहरा झाकलेला फोटो चालवतच नाहीत, त्या हाच मार्ग घेतात.

पट्टी पूर्ण अपारदर्शक असू द्या, कारण हलक्या चौकड्यांमागचा चेहरा ओळखीच्या माणसाला कळतो. गणवेश, घराचा दरवाजा, गाडीचा क्रमांक, शेजारी उभी आई, यांवरूनही ओळख पटते. आणि कापलेला भाग खरोखर गेला आहे याची खात्री करा. वर्डच्या फाइलमध्ये फोटो क्रॉप केला तरी लपलेला भाग फाइलमध्येच राहतो, 'Delete cropped areas of pictures' हा पर्याय वापरेपर्यंत. कधी फोटोच्या आतल्या छोट्या नमुनाचित्रात जुनी पूर्ण फ्रेम शिल्लक असते. झाकून झालं की फोटो नवीन फाइल म्हणून साठवा आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून तपासा.

फोटो पुरावा असेल तर कापायचंही नाही

इथे नियम बदलतो. बातमीत क्रॉपला मुभा आहे, पुराव्याच्या मूळ फाइलला हात लावायची मुभा नाही. कारण असं की कुठला माणूस महत्त्वाचा आहे हे फोटो काढताना कुणालाच माहीत नसतं.

एक कल्पित प्रसंग घ्या. चौकात दुचाकी आणि टेम्पोची धडक झाली. तुम्ही पाच मिनिटांत पोहोचून फोटो काढला. दुचाकी दुभाजकाला लागून आडवी, टेम्पो थोडा पुढे, आणि डाव्या कडेला निळ्या शर्टातला एक माणूस दुचाकीच्या मागच्या चाकाजवळ वाकलेला. तो बघ्या आहे, फोटो खराब करतोय, म्हणून विमा कंपनीला देताना तुम्ही त्याला कापता. आता फोटो सांगतो: धडकेनंतर दुचाकी इथे पडली. पूर्ण फोटो सांगत होता: दुचाकीला कुणीतरी हात लावलेला आहे, ती इथेच पडली होती की सरकवली गेली ते विचारावं लागेल. धडक कुठल्या लेनमध्ये झाली हा सगळा वाद याच मुद्द्यावर असू शकतो. निळ्या शर्टवाला माणूस साक्षीदार तर आहेच, शिवाय जागा बदलली गेल्याची शक्यता दाखवणारी ती एकमेव खूण आहे. तो क्रॉप करून तुम्ही एका पक्षाची बाजू नकळत मांडलीत.

म्हणून क्रम असा ठेवा. कार्डवरची किंवा फोनमधली फाइल आहे तशी उतरवा, नाव बदलू नका, संपादनाच्या ॲपमध्ये उघडू नका. लगेच तिची हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा; एक बिंदू जरी बदलला तरी तो वेगळा येतो. लिनक्सवर पहिली आज्ञा, विंडोजवर दुसरी:

```
sha256sum IMG_2041.JPG
certutil -hashfile IMG_2041.JPG SHA256
```

तो आकडा तारीख-वेळेसह वहीत लिहा. मग प्रत काढा आणि काम फक्त प्रतीवर करा. एखादा भाग मोठा करून दाखवायचा असेल, समजा टेम्पोचा क्रमांक, तर तो तपशील वेगळ्या फाइलमध्ये करा, त्यावर 'IMG_2041 मधला भाग' असं लिहा आणि पूर्ण फ्रेम सोबत जोडा. सुटा तपशील कुणाच्याही हाती देऊ नका. आधी-नंतरच्या फ्रेम, हललेल्या फ्रेमसुद्धा, ठेवा. मधलाच एखादा क्रमांक गायब असेल तर समोरचा वकील तेच विचारतो.

न्यायालयात हे का लागतं त्याची एक महत्त्वाची ओळख आपल्याच जालन्याच्या खटल्यातून झाली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे अर्ज मुदतीत दाखल झाले का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रफितींवर आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशची जागा आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत: एक सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मुद्दाम कापून किंवा पुसून पुरावा म्हणून दिलं, तर खोटा पुरावा तयार करण्याची कलमं लागू शकतात. तुम्ही पत्रकार असाल आणि पोलिसांनी फोटो मागितला, तर छापलेला क्रॉप देऊ नका. संपादक आणि वकिलांशी बोलून द्यायचं ठरलं तर मूळ फाइलच द्या.

चुकीचा फोटो निघून गेला तर

वेबवरचा फोटो गुपचूप बदलू नका. पूर्ण फ्रेम लावा आणि खाली लिहा: आधीच्या फोटोतून कोण वगळलं गेलं होतं, कापलं होतं की पुसलं होतं, आणि कधी बदललं. माणसाचं नाव लिहा. 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द वापरू नका, कात्री माणसाच्या हातात होती हे वाचकाला कळतं. वगळलेल्या व्यक्तीला फोन करा, तोही दुरुस्ती छापायच्या आधी. मग संग्रहातली क्रॉप केलेली फाइल काढून टाका किंवा तिच्या नावातच 'वापरू नये' असं लिहा, कारण सहा महिन्यांनी रात्री साडेदहाला पान लावणारा दुसराच कुणीतरी असणार आहे आणि शोधल्यावर त्याला पहिली हीच फाइल सापडणार आहे. ज्या वर्गणीदार वृत्तपत्रांना फोटो पुढे गेला असेल त्यांना तो मागे घेतल्याची सूचना मूळ फाइलसह त्याच रात्री पाठवा.